नवी तार नेमकी कुठे उतरते: एका ॲकूस्टिक गिटारच्या नोंदी

4 जून, सकाळ

ड्रेडनॉट आकाराची ॲकूस्टिक गिटार, मानेच्या वरच्या टोकाच्या नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत 648 मिमी, तारा पेगवर गुंडाळणारे साधे मशीन हेड, हाडाचा नट. तारा 12-53 मापाच्या, म्हणजे सगळ्यात बारीक 0.012 आणि सगळ्यात जाड 0.053 इंच, फॉस्फर ब्राँझ, घालून दहा दिवस झालेले. तक्रार अशी की प्रत्येक गाण्यानंतर सूर उतरतो. पहिली आणि दुसरी तार सगळ्यात जास्त, तिसरी मधूनच. "तारा अजून ताणल्या जातायत" असं समजून रोज जोरात ओढल्या गेल्या आहेत आणि तरी फरक नाही.

दहा दिवस ही मुदतच काय ते सांगते. स्टीलची तार दहा दिवस ताणली जात नाही. गिटारच्या ताणाला पोलादी तार जेवढी वाढायची तेवढी सुरात चढवताना वाढते, आणि त्यानंतर तिची स्वतःची वाढ नगण्य असते. दहाव्या दिवशीही सूर खाली येत असेल तर तारेची लांबी कुठून तरी सुटते आहे. ती जागा शोधायची. म्हणून जुन्या तारा कापून टाकण्याआधी हळूहळू सैल करून जागच्या जागी पाहिल्या.

दुसऱ्या तारेचे पेगच्या दांड्यावर नऊ वेढे होते, तेही एकमेकांवर चढलेले. रीळावर दोरा गुंडाळावा तसे. वरचे वेढे खालच्या वेढ्यांच्या फटीत रोज थोडे थोडे बसत होते.

पहिल्या तारेचे वेढे बरे होते. तिचा दोष खाली सापडला. तारेचं खालचं टोक धरणारी ब्रिज पिन काढली तेव्हा त्या टोकाच्या बॉलला लागून असलेल्या पिळावर चकचकीत खरचटा आणि पिनच्या टोकावर खळगा दिसला. म्हणजे बॉल ब्रिजच्या आतल्या लाकडी पट्टीला टेकलेला नव्हता, पिनच्या टोकावर लटकत होता. तार ओढली की तो किंचित वर सरके आणि पिनही अर्धा मिमी वर येई. पिन रोज अंगठ्याने दाबून बसवावी लागत होती, असं गिटार आणणाऱ्यानेच नंतर सांगितलं.

तिसऱ्या तारेला वरही काही सापडलं नाही आणि खालीही. तिची नोंद उघडी ठेवली.

4 जून, दुपार

तारा घालण्याआधी थोडा हिशेब, कारण त्याशिवाय "थोडीशी सरकली" म्हणजे किती हे कळत नाही.

अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. तारेच्या ताणात एक टक्का फरक पडला की सूर साधारण साडेआठ सेंट हलतो. पाच सेंटचा फरक सरावलेल्या कानाला दोन तारा एकत्र वाजवल्यावर सहज कळतो.

पहिली तार 0.012 इंचाची, म्हणजे जेमतेम 0.3 मिमी जाड. सुरात असताना तिच्यावर सुमारे साडेदहा किलो ताण असतो. एवढ्या ताणाला बॉलपासून पेगपर्यंतची सगळी तार मिळून सुमारे 5 मिमी लांबते. सूर टिकून असतो तो या पाच मिलिमीटरांवर. त्यातला 0.1 मिमी कुठे सुटला तर ताण दोन टक्के कमी होतो आणि सूर 17 सेंट खाली येतो. 0.1 मिमी म्हणजे साध्या कागदाच्या एका पानाची जाडी.

दुसरी तार 0.016 इंचाची. ताण जवळपास तेवढाच, पण तार जाड असल्यामुळे ती सुमारे 3 मिमीच लांबते. तिच्यातून तोच 0.1 मिमी सुटला तर सूर 28 सेंट उतरतो.

"दुसरी तार नेहमी जास्त का उतरते" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ती जास्त सरकते असं नाही. तेवढ्याच सरकण्याची तिला जास्त किंमत मोजावी लागते. इलेक्ट्रिक गिटारवर न गुंडाळलेली तिसरी तार असते, 0.017 इंचाच्या आसपास, आणि ती याहूनही कमी लांबते. म्हणून तिथे तीच सगळ्यांची डोकेदुखी होते.

4 जून, संध्याकाळ. तारा चढवल्या

नवा संच तोच, 12-53. सहाही तारांचा एकूण ताण सुमारे 74 किलो होतो, त्यामुळे सगळ्या तारा एकदम काढल्या तर मान थोडी सरळ होते आणि पुन्हा जागेवर यायला वेळ घेते. गिटार बिघडत नाही, पण उद्याची मापं घेताना मानेचं हलणं आणि तारेचं सरकणं वेगळं करता येणार नाही. म्हणून एक काढायची, एक घालायची.

खालचं टोक. बॉलच्या वरचा सेंटिमीटरभर भाग बोटाने किंचित वाकवला, म्हणजे बॉल पिनपासून दूर, पट्टीच्या बाजूला जातो. पिनची खाच साउंड होलकडे. पिन हलकेच दाबत दुसऱ्या हाताने तार वर ओढली, बॉल पट्टीला टेकल्याचा बारीक "टक्" जाणवेपर्यंत. त्यानंतर पिन पूर्ण बसवली. खात्री करायची तर साउंड होलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून बघावं: बॉल पट्टीला चिकटलेला दिसला पाहिजे, पिनच्या टोकाखाली नाही. सगळ्या पिना बसल्यावर तारा अर्धवट ताणून पुन्हा एकदा पिनांवरून बोट फिरवलं. एकही वर आलेली नाही.

वरचं टोक. इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो. पेगचा दांडा सुमारे 6 मिमी जाड, म्हणजे एका वेढ्याला 19 मिमी तार लागते. गुंडाळलेल्या जाड तारांना दोन ते तीन वेढे आणि पहिल्या-दुसऱ्या बारीक तारांना तीन ते चार वेढे पुरतात. त्यासाठी तार छिद्रातून ताणून घ्यायची आणि मग जाड तारेला 5 सेमी, बारीक तारेला 7 सेमी ढील परत द्यायची. ढील मोजायला पट्टी घेतली, अंदाजाने नाही. पहिल्या चार-पाच वेळा तरी मोजावी, पुढे हाताला सवय होते.

वेढे जास्त म्हणजे पकड जास्त, ही समजूत पक्की रुजलेली आहे. पकड येते घर्षणाने, आणि घर्षण प्रत्येक वेढ्याला ताण पटीने कमी करतं. तार आणि दांडा यांच्यातला घर्षणांक 0.2 धरला तर एका वेढ्यानंतर ताण साडेतिनाव्या हिश्शावर येतो. तीन वेढ्यांनंतर साडेदहा किलोचे उरतात अडीचशे ग्रॅम, आणि तेवढं छिद्रातली मोड सहज धरून ठेवते. चौथ्यानंतरचे वेढे पकडीसाठी काही करत नाहीत, फक्त सैल तारेचा साठा वाढवतात.

साठा सैल का राहतो? कारण वेढे पडतात तेव्हा तारेवर ताण जवळजवळ नसतो. तार दांड्यावर नुसती लोंबत गुंडाळली जाते आणि नंतर दहा किलोचा ताण आला की वेढे आवळतात, एकमेकांना ढकलतात, खाली बसतात. त्यातून सुटणारी लांबी म्हणजेच नव्या तारेचं "ताणलं जाणं". ते कमी करायचा उपाय चढवतानाच करायचा: उजव्या हाताच्या तर्जनी-अंगठ्यात तार नटजवळ चिमटीत धरून किंचित मागे ओढत राहायची आणि डाव्या हाताने पेग फिरवायचा वाइंडर फिरवायचा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, त्याला चिकटून. एकावर एक चढलेला वेढा दिसला तर तिथेच थांबून उलटं फिरवलं आणि पुन्हा बसवला. उद्यावर ढकलला तर तो उद्या ओढून सुधारत नाही.

पहिल्या दोन तारांना टोकाची फासही घातली. छिद्रातून बाहेर आलेलं टोक तारेच्या खालून मागे घेऊन वर दुमडायचं, म्हणजे पहिला वेढा त्याला दाबून धरतो. जाड तारांना याची गरज नाही.

जाड तारेचं उरलेलं टोक कापायच्या आधी काटकोनात वाकवावं आणि मग मोडीच्या पुढे 5 मिमी सोडून कापावं. सरळ तार कापली तर बाहेरचं गुंडाळलेलं ब्राँझ आतल्या तारेवरून सुटतं. तशी तार सुरात राहत नाही आणि बद्दही वाजते.

तारा सुरात आणल्या, नेहमी खालून वर. वर गेली तर खाली जाऊन पुन्हा वर यायचं, कारण उतरवत थांबलं की मशीन हेडच्या दात्यांमधली ढील तारेच्या बाजूला शिल्लक राहते आणि पहिल्याच खेचाला ती सुटते. या गिटारचे मशीन हेड 14 ला 1 आहेत, म्हणजे की चौदा वेळा फिरवली तर दांडा एकदा फिरतो. की एकदा पूर्ण फिरवली की 1.3 मिमी तार गुंडाळली जाते. पहिल्या तारेचे 17 सेंट म्हणजे कीचा तेरावा हिस्सा. दात्यांतली ढील याच मापाची असते, म्हणून दिशेचा नियम पाळायचा.

रात्री काही केलं नाही. तारा सुरात ठेवून गिटार केसमध्ये.

5 जून, सकाळ. ओढण्याचं काम

खोलीत पंखा बंद, गिटार अर्धा तास बाहेर काढून ठेवलेली. क्लिप ट्यूनर, सेंट दाखवणारा.

रात्रीतून पहिली तार 22 सेंट खाली, दुसरी 35, बाकीच्या 10 ते 20 च्या दरम्यान. नुसत्या ताणाखाली ठेवल्यामुळे झालेलं हे बसणं. पुन्हा सुरात आणून मग सुरुवात.

ओढायची पद्धत अशी. डाव्या हाताचा अंगठा नटवर, तार खाचेत दाबून धरलेली, म्हणजे नटच्या कडेवर घाव पडत नाही. उजव्या हाताच्या बोटांनी बाराव्या फ्रेटजवळ तार फिंगरबोर्डपासून सरळ वर उचलायची, चार-पाच सेकंद धरायची आणि हाताने परत खाली आणायची, सोडून द्यायची नाही. तेच पाचव्या फ्रेटजवळ आणि तेच साउंड होलवर. सॅडलच्या अगदी जवळ ओढू नये, तिथे तार तीव्र कोनात वाकते आणि कायमची मोड येते. तीन जागा झाल्या की अंगठा काढून दोन-तीनदा तीच ओढ हलक्या हाताने द्यायची, म्हणजे पेगच्या बाजूची लांबीही मोकळी होते. अंगठा कायम ठेवला तर वेढ्यांपर्यंत ओढ पोचतच नाही, आणि मग सगळं काम वाया.

किती उचलायची? बाराव्या फ्रेटजवळ पहिली तार 2 सेमी उचलली की तिची लांबी सव्वा मिमी वाढते आणि ताण पंचवीस टक्के. म्हणजे एका पूर्ण सुराचा बेंड घेताना जेवढा ताण पडतो तेवढाच. हाताला सुमारे दीड-पावणेदोन किलो वजन जाणवतं. याहून जास्त नको. पहिली तार सुरात असतानाच तिच्या तुटण्याच्या ताणाच्या निम्म्याच्या आसपास असते. तीन-चार सेंटिमीटर खेचली तर ती खरोखरच कायमची लांबते आणि लांबलेली तार सगळीकडे सारखी लांबत नाही. मग ती मोकळी सुरात आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर वाजते. "जोरात ताणा" हा सल्ला चुकतो तो इथे.

दुसरी तार कमी लांबलेली असते, त्यामुळे तिला दीड सेंटिमीटरला तेवढाच परिणाम मिळतो. जाड तारांना एक सेंटिमीटर पुरे.

प्रत्येक फेरीनंतर एक मिनिट थांबून वाचन घेतलं. लगेच घेतलेलं वाचन खोटं असतं, कारण बोटांच्या उबेने बारीक तार तापते आणि काही सेंट खाली दिसते. थंड झाली की तेवढी वर येते.

वाचनं, प्रत्येक फेरीनंतर सूर किती उतरला आणि मग पुन्हा सुरात आणला:

पहिली तार: 45, 18, 7, 3, 1.
दुसरी तार: 70, 31, 12, 5, 2.

या आकड्यांकडे नीट बघावं. पहिली एकूण 74 सेंट उतरली. 17 सेंटला 0.1 मिमी या हिशेबाने 0.44 मिमी. दुसरी 120 सेंट उतरली. 28 सेंटला 0.1 मिमी धरून 0.43 मिमी. ट्यूनरवर दुसरी तार खूपच वाईट वाटते, पण दोघींनी सोडलेली लांबी सारखीच आहे, अर्धा मिमीही नाही. दोघींचे वेढे सारखे, फास सारखी, म्हणून सुटलेली ढीलही सारखी. तारेचं पोलाद वाढलं असतं तर ही बेरीज अशी जुळली नसती.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे प्रत्येक फेरीला निम्म्याहून खाली येत गेले. ढील संपत चालली आहे. दोन-तीन सेंटवर आलं की थांबायचं. त्यापुढे ओढण्यात फायदा नाही, फक्त तारेवर बोटांचा घाम लागतो. चार ते पाच फेऱ्या, एका तारेला सात-आठ मिनिटं.

चौथी, पाचवी आणि सहावी तीन फेऱ्यांत बसल्या.

तिसरी तार: 40, 34, 37, 30.

हे आकडे खाली येत नाहीत. सहाव्या फेरीपर्यंत ओढत राहण्याचा मोह होतो. थांबलो.

5 जून, दुपार. तिसरी तार

चार फेऱ्यांत 141 सेंट गेले, आणि दर फेरीला जवळपास सारखेच. वेढ्यांतली ढील अशी वागत नाही, ती संपते. बॉल पिनवर लटकला असता तर पिन वर आली असती. ती बसलेली आहे. उरला नट.

परीक्षा सोपी आहे आणि प्रत्येकाने शिकून ठेवावी अशी. तार ओढून सोडायची, सूर उतरला की पेगच्या कीला हात न लावता नट आणि पेग यांच्या मधल्या भागावर बोटाने एकदा जोरात दाबून सोडायचं. मग पुन्हा वाजवून बघायचं. सूर तसाच खाली राहिला तर लांबी खरंच सुटलेली आहे, वरून किंवा खालून. सूर वर परतला तर काहीही सुटलेलं नाही. तार नटच्या खाचेत अडकली आहे.

तिसरी तार 32 सेंट खाली होती. नटमागे दाबल्यावर 5 सेंट खाली. अडकते आहे.

घडतं ते असं: वाजवायच्या भागात तार ओढली की तिथला ताण वाढतो आणि पेगच्या बाजूची थोडी तार नटवरून इकडे सरकते. ओढ सोडली की ती परत जायला हवी, पण खाच तिला चिमटीत धरते. आता वाजवायच्या भागात तार जास्त आणि ताण कमी, म्हणून सूर खाली. नटमागे दाबलं की ती जादा तार परत ओढली जाते आणि सूर येतो. सुरात लावताना याचं उलट होतं: की फिरवतो, सूर हलत नाही, पेगच्या बाजूला ताण साठत राहतो आणि मग "टिंग" आवाज करून सूर एकदम दहा-वीस सेंट उडी मारतो. या गिटारच्या तिसऱ्या तारेला सकाळी तो आवाज दोनदा ऐकू आला होता. तेव्हाच लिहून ठेवायला हवा होता.

आणि हा दोष ओढून कधीच जात नाही. उलट दर ओढीला माणूस की चढवतो, मग वाजवताना खाच सुटते आणि तार सुरापेक्षा वर जाते, मग उतरवतो, मग पुन्हा खाली. दहा दिवस हेच चाललं होतं.

कारण विचारून घेतलं: या गिटारवर आधी वर्षानुवर्षं 11-52 मापाचा संच होता. त्यात तिसरी तार 0.022 इंच, आताच्या संचात 0.024. फरक 0.05 मिमी. खाच जुन्या तारेच्या मापाने कोरलेली, नवी तार तिच्यात पाचरीसारखी बसते. चौथी आणि पाचवी दोन्ही संचांत एकाच मापाच्या असतात, म्हणून त्यांना काही झालं नाही. पहिली आणि दुसरीही जाड झाली आहे, पण गुळगुळीत तार खाचेतून घसरते. गुंडाळलेल्या तारेचे वळ करवतीच्या दात्यांसारखे खाचेत रुततात.

6 जून

आधी सगळ्यात स्वस्त उपाय. तार सैल करून खाचेतून बाजूला घेतली, 2बी पेन्सिलचं टोक खाचेत दहा-बारा वेळा फिरवलं, उरलेली भुकटी फुंकून टाकली. ग्रॅफाइट घसरण देतं. तार परत बसवून परीक्षा: 32 ऐवजी 19 सेंट. फरक पडला, पण पुरेसा नाही. पेन्सिल कोरड्या खाचेला उपयोगी, अरुंद खाचेला नाही.

म्हणून खाच रुंद केली. 0.026 इंचाची नट फाइल, म्हणजे तारेपेक्षा 0.05 मिमी रुंद. फाइल पेगच्या दिशेने खाली उतरत्या कोनात धरायची, जेणेकरून तार खाचेच्या फिंगरबोर्डकडच्या कडेवरच टेकेल. फक्त बाजू घासायच्या, तळ नाही. तळ खाली गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि मग नट बदलण्यावाचून इलाज नसतो. पाच हलके फटके, तार बसवून बघणं, पुन्हा पाच. एकूण पंधरा लागले.

फाइल नसेल तर 600 नंबरचा पॉलिश पेपर जुन्या बारीक तारेभोवती एकदा गुंडाळून, कागदासकट जाडी 0.026 इंचाच्या वर जाणार नाही असं बघून, तीच फाइलसारखी वापरता येते. काम हळू होतं, पण जास्त घासलं जाण्याचा धोकाही कमी.

नंतर पुन्हा पेन्सिल, पुन्हा तार, चार फेऱ्या: 24, 9, 4, 2. नटमागे दाबल्यावर बदल एक सेंटच्या आत. "टिंग" नाही.

7 जून, सकाळ

रात्रभर केसमध्ये. सहाही तारा 3 सेंटच्या आत. अर्धा तास वाजवून पुन्हा 3 सेंटच्या आत.

दुपारी खिडकीतून आलेलं ऊन तासभर गिटारवर पडलं. खोलीपेक्षा तारा पाचेक अंशांनी गरम. पहिली 6 सेंट खाली, दुसरी 11. पोलाद तापलं की लांबतं आणि मान त्या मानाने कमी लांबते, म्हणून हे होणारच. सावलीत ठेवल्यावर वीस मिनिटांत दोन्ही परत आल्या. उन्हातून किंवा एसीतून आणलेल्या गिटारच्या तारा लगेच सुरात लावू नयेत. परत येणारा फरक हा ढिलाईचा फरक नाही, आणि तो की फिरवून दुरुस्त केला तर गिटार खोलीच्या तापमानाला आल्यावर चढी निघते.

13 जून

पावसाळी, दमट हवा. सगळ्या तारा 4 ते 9 सेंट वर. खाली नाही, वर. लाकूड ओल शोषून फुगतं, वरची फळी थोडी उचलली जाते आणि तारा ताणल्या जातात. पुणे-मुंबईच्या पावसाळ्यात हे दर वर्षी दिसेल. सहाही तारा एकाच दिशेने वर जात असतील तर पेगकडे किंवा पिनेकडे बघण्यात अर्थ नाही. एकटी तार खाली येत असेल तरच वेढे, बॉल आणि नट, याच क्रमाने बघायचं. एकच तार कधी वर, कधी खाली जात असेल तर नट.

15 जून

तुलनेसाठी क्लासिकल गिटारवर नायलॉनचा संच चढवला, कारण वर लिहिलेलं सगळं पोलादाला लागू आहे आणि नायलॉनवर तसंच्या तसं लावलं तर माणूस हकनाक नट घासत बसेल. नायलॉन खरोखर वाढतं. सुरात येईपर्यंत काही सेंटिमीटर लांबतं आणि त्यानंतरही दिवसचे दिवस हळूहळू लांबत राहतं. तिथे फेऱ्यांचे आकडे पोलादासारखे पटकन शून्याकडे येत नाहीत आणि येण्याची वाट बघू नये. दिवसातून तीन-चार वेळा सुरात आणायचं, बाराव्या फ्रेटजवळ सेंटिमीटरभर हलकी ओढ द्यायची, चार ते सात दिवस.

पहिल्या नायलॉन तारेला ब्रिजवरच्या गाठीत एकाऐवजी तीन पीळ दिले. गुळगुळीत नायलॉनची एका पिळाची गाठ ताणाखाली घसरते, आणि सुटली तर टोक वरच्या फळीवर चाबकासारखं आदळून पॉलिशला खड्डा पाडतं. टोक सव्वा सेंटिमीटर राखून कापलं.

20 जून

पोलादी तारांची गिटार: पाच दिवसांत एकदाही की फिरवावी लागली नाही, फक्त दमटपणाचे 3 ते 6 सेंट वर. मानेचा वाक सातव्या फ्रेटजवळ 0.25 मिमी, 4 जूनला होता तेवढाच. आज परत दिली. सोबत 0.024 ची जुनी तार आणि पेन्सिलचा तुकडा: पुढच्या वेळी तारा बदलताना तिसऱ्या खाचेत ती तार आधी वजनाशिवाय ठेवून बघायची. आपल्या वजनाने तळाला बसली तर खाच ठीक, बोटाने दाबावी लागली तर अरुंद.